अहवाल शंभर टक्के यशस्वी कसा करावा

तासगाव तालुक्यात मार्चअखेरीला माणूस घरी सापडत नाही, बेदाण्याच्या शेडवर सापडतो. द्राक्षांचा माल रॅकवर वाळत पडलेला असतो. नेमक्या याच मुहूर्तावर, २८, २९ आणि ३० तारखेला, तुम्ही बेदाणा निर्मितीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लावलंत ते उत्तम केलंत. निधी ३१ मार्चला परत जातो, द्राक्षं काय पुढच्या वर्षीही लागतात. आता उरलाय तो समारोपाचा अहवाल. परवाच असा एक वाचायला मिळाला. त्यातले आणि त्याच्या जोडपत्रांतले आकडे घेऊनच हे मार्गदर्शन करतो. जोडपत्रं कुणी उघडत नाही, या भरवशावरच तर हा सगळा व्यवसाय चालतो.

हजेरीपासून सुरू करा. नोंदणी ४० जणांची. तीन दिवस, सकाळ-दुपार धरून सहा सत्रं. सह्या मोजल्या तर क्रमाने ३८, २६, ३१, १९, २८ आणि ३९. शेवटच्या सत्राला प्रमाणपत्र आणि पिशवी होती, त्यामुळे ३९. तुम्ही एवढाच आकडा उचला, ४० ने भागा आणि लिहा, ‘उपस्थिती ९७.५ टक्के’. सहाही सत्रांची बेरीज १८१ होते, तिला २४० ने भागलं की ७५ टक्के येतात, पण एवढा हिशोब कशाला? सहापैकी किमान पाच सत्रं बसलेले लोक मोजले तर १७ निघतात. हा आकडा तर घरातही बोलू नका. आणि १९ सह्यांचं ते सत्र कोणतं होतं, हे कुणी विचारलं तर विषय बदला. दुसऱ्या दिवशी दुपारी डिपिंगचं द्रावण, म्हणजे वाळवण्याआधी घड ज्यात बुडवतात ते पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाचं पाणी, करून दाखवलं होतं. म्हणजे ज्यासाठी वर्ग भरवला ते २१ जणांनी पाहिलंच नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या प्रमाणपत्रावर मात्र ‘प्रात्यक्षिकासह’ असं छापलेलं आहे.

अभिप्रायाचे फॉर्म जेवणानंतर लगेच वाटा, आमरस पोटात असताना.

आलेले फॉर्म २२. ‘२२ जणांचे’ असं मात्र लिहू नका, ‘प्रशिक्षणार्थींचे’ लिहा. प्रश्न चार. जेवणाला पाचपैकी ४.९, सभागृहाला ४.८, वक्त्यांना ४.८ आणि ‘हे तुम्ही घरी करू शकाल का?’ या प्रश्नाला ३.१. चारही प्रश्नांची सरासरी ४.४ काढा आणि ठळक अक्षरात छापा. आमरस आणि पोटॅशियम कार्बोनेट एकाच तराजूत तोललं की गुण आपोआप वाढतात. त्या ३.१ कडे वळून बघू नका, कारण ते ३.१ मुळात नाहीतच. फॉर्म उलगडले तर ९ जणांनी पाच दिलेत, १० जणांनी एक किंवा दोन, आणि मधले फक्त ३. जवळपास कुणालाच ‘ठीकठाक’ वाटलेलं नाही. दोन वेगळे गट आहेत. ज्यांची स्वतःची शेड आणि रॅक आहेत त्यांना जमेल. जे दुसऱ्याच्या शेडवर माल देतात त्यांच्या हातात द्रावणाचं मापच नसतं, ते काय करू शकणार? सरासरीने या दोघांना मिळून एक तिसराच माणूस तयार केला, जो त्या सभागृहात बसलेलाच नव्हता.

आता परीक्षा. इथे खरी कलाकुसर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या दिवशीची चाचणी ३४ जणांनी दिली, २० पैकी सरासरी ८. तिसऱ्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका २४ जणांनी दिली, सरासरी १४. आठाचे चौदा, म्हणजे ‘ज्ञानात ७५ टक्के वाढ’. वाहवा! पण दोन्ही चाचण्या दिलेले लोक नावानिशी जुळवले तर २० भरतात, आणि या वीस जणांची पहिल्या दिवशीचीच सरासरी ११ होती, तिसऱ्या दिवशीची १४. म्हणजे वाढ तीन गुणांची. बाकीची सरासरी शिकवून वाढलेली नाही, माणसं गळाल्याने वाढली आहे. जे १४ जण निघून गेले त्यांना पहिल्या दिवशी सरासरी चारसुद्धा मिळाले नव्हते. ज्यांना सगळ्यात कमी येत होतं ते गेले, आणि त्यांच्या जाण्याचं श्रेय तुम्ही वक्त्यांना दिलंत. प्रश्नपत्रिका तीच असल्याने त्या तीन गुणांत पाठांतर किती आणि समज किती, तेही कुणाला माहीत नाही.

शिवाय प्रश्न कसला? ‘एक लिटर पाण्याला पोटॅशियम कार्बोनेट किती ग्रॅम?’ पर्याय चार. २५ वर गोल केला की झालं. अहो, टबात गोल करायचा नसतो! त्याच माणसापुढे ४० लिटरचा टब, काटा आणि माप ठेवा आणि गप्प उभे राहा. एक किलो कार्बोनेट तोलतो का? डिपिंग ऑइल लिटरला १५ मिली, म्हणजे ६०० मिली मोजतो, का डबा तिरका करून अंदाजाने ओततो? आधी पावडर पाण्यात पूर्ण विरघळवतो का, मग तेल हळूहळू ढवळत सोडतो का? द्रावण दुधासारखं एकजीव झालं का वर तवंग तरंगतोय? सामू ११ च्या आसपास आहे का, हे कागदाच्या पट्टीवर बघतो का? घड दोन ते चार मिनिटं बुडवताना घड्याळाकडे बघतो का? सहा गोष्टी, हो किंवा नाही, माणशी दहा मिनिटं. हे केलं असतं तर कळलं असतं की कुठे हात अडतो. कार्बोनेट कमी पडलं की मण्यावरचा मेणाचा थर नीट सुटत नाही, पाणी आत अडकतं, माल वाळायला दिवस लागतात आणि हिरवा व्हायचा तो काळपट पडतो. मग सौद्याला काय दर लागतो ते विचारा. चाचणीत २५ ला गोल केला होता म्हणून अडत्या चार पैसे जास्त देत नाही.

अमेरिकेतल्या कर्कपॅट्रिक नावाच्या प्राध्यापकाने १९५९ मध्ये अशा मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, कळलं का, करतो का, त्याने काही बदललं का. तुम्ही पहिल्याच पायरीवर सतरंजी टाकून बसा.

‘पुढील शिफारस’ या रकान्यात ‘असे वर्ग वारंवार घ्यावेत’ एवढंच लिहा.

काय लाज आहे की नाही? हा एकच रकाना असा आहे ज्यासाठी बाकीचा अहवाल लिहायचा असतो, आणि तिथे तुम्ही स्वतःच्याच पुढच्या बिलाची सोय करून ठेवता. ४० जणांची यादी तुमच्याकडे आहे, फोन नंबर आहेत, कोण कुठल्या सत्राला नव्हता ते मस्टरवर आहे. मग लिहायला काय हात मोडतात? द्रावणाच्या सत्राला न आलेले २१ जण, नावानिशी. त्यांच्यासाठी एकच दुपार, सभागृहात नाही तर शेडवर, आणि जानेवारीत, माल उतरायच्या आधी. स्वतःची शेड असलेल्यांकडे फेब्रुवारीत एक फेरी, सोबत काटा आणि सामूच्या पट्ट्या, तीच सहा प्रश्नांची यादी. ज्यांना शेडच नाही त्यांना पुन्हा द्रावण शिकवू नका, ते ज्यांच्याकडे माल देतात त्या शेडवाल्यांना बोलवा. प्रत्येक ओळीपुढे कोण जाणार त्याचं नाव आणि तारीख. आणि पुढचा वर्ग मार्चअखेरीला लावलात तर निदान अहवालात तसं कबूल तरी करा, की लोक दुपारी उठून गेले ते आळशी होते म्हणून नव्हे, तर त्यांचा माल रॅकवर होता म्हणून.