आवाज फाटण्याच्या तक्रारीबाबत दुकानाचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "ब्लूटूथ स्पीकरचा आवाज वाढवला की फाटत होता. कोन खराब आहे म्हणून यांनी ६५० रुपये घेतले. तान्ह्या पोळ्याला लावला तर पुन्हा तेच. परत नेला तर म्हणे बॅटरीची वायर लूज आहे. मग कोन कशाला बदलला?"

महोदय, सप्रेम नमस्कार. ऐन तान्ह्या पोळ्याला मुलांसमोर आपला खोळंबा झाला आणि सीताबर्डीची दुसरी चक्कर पडली, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

मात्र कोन विनाकारण बदलला, हे मला मान्य नाही. आपण स्पीकर आणला तेव्हा बॅटरी उतरलेली होती, म्हणून तो मी चार्जर लावूनच वाजवला. आवाज निम्म्याहून कमी असतानाही ढोलकीच्या प्रत्येक ठोक्याला खरखर येत होती, आणि बंद करून कोन दोन्ही बाजूंनी सारखा दाबला तेव्हा आतली कॉईल घासल्याचे बोटांना जाणवत होते. दोष केवळ बॅटरीचा किंवा तिच्या वायरचा असेल, तर हळू आवाजात स्पीकर स्वच्छ वाजतो. घासणारी कॉईल हळू आवाजातही लपत नाही. कडेचे रबर नखाएवढे फाटलेले मी आपल्याला काउंटरवर दाखवले होते आणि आपण "बदलून टाका" म्हणाल्यावरच कामाला हात लावला. पंधरा वर्षे हेच काम करणाऱ्या माणसाला खोटे कारण सांगून पैसे घेतल्याचा ठपका फार लागतो.

माझी चूक वेगळी आहे. आपल्याला संध्याकाळीच हवा होता, म्हणून कोन बदलल्यावरही मी तो चार्जरवरच तपासला. चार्जर जोडलेला असताना बोर्डाला बराच करंट तिकडून मिळतो, त्यामुळे बॅटरीच्या वायरचा सैल जोड झाकला गेला. दुसऱ्या खेपेला आपल्या समोरच चार्जर काढून, मोठ्या आवाजात सलग खर्जाचा सूर लावून मीटर धरला, तेव्हा बॅटरीच्या टोकांवर ३.८ व्होल्ट होते आणि बोर्डावर जेमतेम ३.१. मधले ०.७ व्होल्ट त्या जोडातच जात होते. एवढा दाब कमी पडला की अँप्लिफायरला आवाजाच्या लाटेचे शेंडे पूर्ण उचलता येत नाहीत, ते कापले जातात आणि आवाज फाटतो. जोड सोल्डर केल्यावर बोर्डावरही ३.७ आले. त्याचे मी काही घेतले नाही, हे आपल्या अभिप्रायात आले असते तर बरे वाटले असते.

चार्जिंग अगदी संपत आले असताना आवाज पूर्ण वाढवला तर थोडा फाटेल. तो बिघाड समजू नये.

यापुढे प्रत्येक स्पीकर चार्जर काढून, मोठ्या आवाजात वाजवूनच परत दिला जाईल. आपला जुना कोन दुकानात जपून ठेवला आहे. केव्हाही यावे, हाताने दाबून पाहावा आणि मग आपले मत ठरवावे.