टन-किलोमीटरचा एकच सरासरी दर का फसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

> तुमचा लेख वाचून गाडीचा महिन्याचा सगळा खर्च मांडला, त्याला एकूण टन-किलोमीटरने भागलं. दर आला बरोबर १० रुपये. दोन्ही पार्ट्यांना तोच दिला. भिवंडी–धुळे लाइन दुसऱ्याने कमी भाड्यात उचलली आणि न्हावा-शेवा–भिवंडीच्या फेऱ्या माझ्याकडे राहिल्या. महिनाअखेर हिशेब केला तर तोटा! टन-किलोमीटर हे परीक्षेच्या पुस्तकातलं खेळणं आहे. मुंबईत भाडं ट्रिपवरच ठरतं.
> — एक वाचक, कळंबोली

तोटा होणारच होता, आणि त्यातला थोडा दोष माझ्या लेखाकडे जातो. गाडीचा एकूण दर काढायचं सूत्र मी दिलं, पण तो दर कोटेशनमध्ये जसाच्या तसा घालू नका, हे लिहायचं राहिलं. तो आकडा गाडीच्या महिन्याचा आहे, कुठल्याच एका लाइनचा नाही. कारण खर्चाच्या दोन भागांपैकी एक किलोमीटरबरोबर धावतो आणि दुसरा घड्याळाबरोबर.

१० टन पासिंगची सहा चाकी गाडी धरू. आकडे गणिताला सोपे पडावेत असे घेतले आहेत, तुम्ही तुमच्या वहीतले घाला. आधी उभा खर्च, म्हणजे गाडी यार्डात उभी असली तरी चालू राहणारा. ड्रायव्हर-क्लीनरचा पगार ३६,००० रुपये. घसारा २५,०००: टायर वगळून गाडी २६ लाखांची, ७ वर्षांनी ५ लाखांना विकली जाईल, उरलेले २१ लाख ८४ महिन्यांत वाटले. गुंतलेल्या पैशावरचं व्याज १७,०००, ऑफिस आणि सुपरवायझरचा वाटा १०,०००, इन्शुरन्स ६,०००, पार्किंग ४,०००, टॅक्स-परमिट-फिटनेस मिळून २,०००. बेरीज महिन्याला १ लाख. कामाचे दिवस २५ धरले, तर दिवसाला ४,०००. (व्याज परिव्ययात धरायचं की नाही यावर पुस्तकांत वाद आहे. भाडं सांगताना मात्र ते धरा, कारण बँक वाद घालत नाही.)

आता चालता खर्च. भरलेली गाडी लिटरला ४.५ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर डिझेलचे किलोमीटरला २० रुपये. रिकामी गाडी ६ चा ॲव्हरेज देते, तेव्हा १५. सहा टायर १,२०,००० रुपयांचे आणि ते ६०,००० किलोमीटर चालतात, म्हणजे २ रुपये. दुरुस्ती-सर्व्हिसिंग २ आणि ऑइल-डीईएफ १. भरलेल्या गाडीचा किलोमीटरला २५, रिकामीचा २०. टोल आणि भत्ता ट्रिपनुसार वेगळा.

हेच दोन भाग घेऊन दोन्ही लाइनी मोजू.

भिवंडी–धुळे: जाताना ३०० किलोमीटर भरून, येताना ३०० रिकामी, दोन दिवस. उभा खर्च ८,०००, जाताना ७,५००, येताना ६,०००, टोल-भत्ता ४,०००. एकूण २५,५००. माल १० टन, ३०० किलोमीटर, म्हणजे ३,००० टन-किलोमीटर. दर ८.५० रुपये.

न्हावा-शेवा–भिवंडी: ६० किलोमीटर भरून, ६० रिकामी, आणि सीएफएसमध्ये नंबर लागेपर्यंत अख्खा दिवस. उभा खर्च ४,०००, जाताना १,५००, येताना १,२००, टोल-भत्ता ८००. एकूण ७,५००. टन-किलोमीटर फक्त ६००. दर १२.५० रुपये.

महिन्यात धुळ्याच्या ५ ट्रिपा (१० दिवस) आणि बंदराच्या १५ (१५ दिवस) झाल्या, तर खर्च २,४०,००० आणि टन-किलोमीटर २४,०००. भागाकार १० रुपये. तुमचा आकडा चुकला नव्हता. पण त्या १० रुपयांत धुळ्याची ट्रिप ३०,००० ला पडते आणि बंदराची ६,००० ला. ज्याने लाइनवार हिशेब केला असेल, तो धुळ्याला २७,००० सांगूनही कमावतो. तुमच्याकडे उरते ती खर्चापेक्षा १,५०० रुपये कमी भाड्याची लाइन. मग गाडी पूर्ण २५ दिवस बंदरावरच फिरली, तर १,५०,००० भाडं येतं आणि १,८७,५०० खर्च होतो. सरासरी दराने नेहमी असंच होतं: महाग काम तुमच्याकडे येतं, स्वस्त काम निघून जातं, आणि ते गेलं की ती सरासरीही खरी राहत नाही.

म्हणून दर ट्रिपवरच ठरतो, हे तुमचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. ट्रिपचा आकडा आधी आणि टन-किलोमीटर नंतर, हा क्रम बरोबरच आहे. पण ट्रिपचा आकडा बाजारात ऐकून घेतलात, तर तो कशामुळे हलतो हे कळणार नाही. एक्सेलमध्ये प्रत्येक ट्रिपची एक ओळ ठेवा: B मध्ये दिवस, C मध्ये भरलेले किलोमीटर, D मध्ये रिकामे, E मध्ये टोल-भत्ता, F मध्ये टन-किलोमीटर.

```
=(B2*4000+C2*25+D2*20+E2)/F2
```

या ओळीत सगळ्यात जास्त खेळ B चा आहे, आणि नेमका तोच रकाना लोक अंदाजाने भरतात. बंदराच्या लाइनवर एका दिवसात दोन फेऱ्या बसल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला उभा खर्च २,०००. ट्रिप ५,५०० ला पडते, दर ९.१७. तुमच्या १० रुपयांत नफा! एकच फेरी झाली तर १२.५०. गेटवर रात्र गेली आणि दुसरा दिवसही खाल्ला, तर ट्रिप ११,५०० आणि दर १९.१७. अंतर तेच, माल तोच, डिझेल जवळपास तेवढंच. त्यात ठाण्याच्या बाजूला अवजड गाड्या ठरावीक तासांतच सोडतात. ती वेळ हुकली की दुसरी फेरी गेलीच म्हणा. तेव्हा लॉगशीटवर नुसते किलोमीटर नकोत. लोडिंग पॉइंटला पोहोचल्याची वेळ, गेट-इन, गेट-आउट, खाली करायला लागल्याची आणि गाडी मोकळी झाल्याची वेळ, हे पाच आकडे ड्रायव्हरकडून लिहून घ्या. महिनाभराच्या नोंदीवरून सरासरी दिवस काढा. एका दिवसापेक्षा जास्तीचा वेळ भाड्यात मिसळू नका, हॉल्टिंग म्हणून वेगळा लावा. दिवसाला ४,००० हा तुमचा नुसता खर्च आहे, त्याखाली तडजोड नको.

२५ दिवसांबद्दलही एक सांगतो. एखाद्या महिन्यात गाडी ब्रेकडाउनमुळे ५ दिवस बसली, तर दिवसाचा खर्च ५,००० होतो. तो वाढीव हजार पार्टीच्या दरात टाकू नका. वर्षभराच्या नेहमीच्या दिवसांवर दर ठेवा आणि बसल्या दिवसांचा खर्च वेगळा दाखवा, नाहीतर गॅरेजचा दोष भाड्यात लपतो.

धुळ्याच्या गाडीत कधी निम्मा माल नाशिकला उतरवत असाल, तर F हा रकानाही नीट बघा. इथे दोन पद्धती आहेत आणि दोन्ही पुस्तकात आहेत. समजा भिवंडी ते नाशिक १४० किलोमीटर १० टन, तिथे ६ टन उतरले, पुढे धुळ्यापर्यंत १६० किलोमीटर ४ टन, आणि ३०० किलोमीटर रिकामी परत. ॲब्सोल्यूट पद्धतीत प्रत्येक टप्प्याचा माल त्याच टप्प्याच्या अंतराने गुणतात: १,४०० अधिक ६४०, म्हणजे २,०४०. कमर्शियल पद्धतीत टप्प्यांच्या वजनाची साधी सरासरी (१० अधिक ४ अधिक ० भागिले ३) काढून ती एकूण ६०० किलोमीटरने गुणतात: २,८००. खर्च २५,५०० च धरला, तर पहिल्या पद्धतीने दर १२.५० आणि दुसऱ्या पद्धतीने ९.११.

कमर्शियल पद्धत चुकीची आहे असं नाही. ज्या पद्धतीने दर काढला त्याच पद्धतीने बिल करायला हवं. पण पार्टी तिचा माल जितका आणि जिथवर गेला तितकेच पैसे देणार, तिला तुमच्या रिकाम्या परतीच्या टन-किलोमीटरशी घेणंदेणं नाही. दर ९.११ आणि बिल २,०४० वर, म्हणजे १८,५८४ रुपये. ट्रिपमागे सुमारे ६,९०० रुपये गेले, आणि कागदावर कुठेही चूक दिसत नाही. टप्प्यांची लांबी आणि वजन असमान असेल, तर ॲब्सोल्यूटच धरा.

हलक्या मालाचंही असंच. प्लास्टिक किंवा फोमने बॉडी ४ टनांतच भरते, पण खर्च १० टनांच्या गाडीचा होतो. अशा वेळी भाडं वजनावर नाही, गाडीच्या पासिंगवर बांधा.

धुळ्याहून परतीचा माल मिळाला, तर त्याचा हिशेब वेगळा. गाडी तशीही परत येणार होती, म्हणून वाढीव खर्च फक्त डिझेलचा, किलोमीटरला ५ प्रमाणे १,५००, आणि माल मिळेपर्यंत एक दिवस गेला तर ४,०००. दलाली वेगळी. ५,५०० अधिक दलाली हा तुमचा तळ. त्याखाली रिकामी आणलेली बरी. पण भिवंडीत त्या दिवशी गाडीला काम नसेलच, तर तो दिवस फुकटचा आहे आणि तळ १,५०० अधिक दलालीवर येतो. हा तळ जाण्याच्या भाड्याला कधीही लावू नका. तिथे उभा खर्च वसूल व्हायलाच हवा.

शेवटी डिझेलच्या कलमाकडे बघा, कारण तुमच्या दोन्ही पार्ट्यांना बहुधा एकाच टक्क्याने वाढ मागितली असेल. धुळ्याच्या ट्रिपमध्ये डिझेल १०,५०० रुपयांचं, म्हणजे खर्चाच्या ४१ टक्के. बंदराच्या ट्रिपमध्ये २,१००, म्हणजे २८ टक्के. डिझेल १० टक्क्यांनी वाढलं, तर धुळ्याचं भाडं ४.१ टक्के वाढायला हवं आणि बंदराचं २.८. उलट ड्रायव्हरचा पगार किंवा इन्शुरन्स वाढला, तर बंदराच्या लाइनला जास्त झळ लागते, कारण तिथल्या ७,५०० पैकी ४,००० उभ्या खर्चाचे आहेत. दोन्ही करारांत ही टक्केवारी वेगवेगळी लिहून घ्या.