पहिला टॅरो डेक: वाद फक्त चाळीस पत्त्यांचा

"पहिला टॅरो डेक चित्रांचाच घ्या. चित्र पाहिलं की अर्थ आपोआप कळतो, पाठांतर लागत नाही. पिप डेकात नुसती चिन्हं, त्यात वाचायला काहीच नसतं." पत्ते काढून प्रश्नाचा अर्थ लावायला, म्हणजे टॅरो शिकायला निघालेल्या नवख्याला हा सल्ला नेहमी मिळतो.

आधी हिशेब. टॅरोच्या 78 पत्त्यांपैकी 22 मोठे आणि राजा-राणीचे 16 पत्ते दोन्ही प्रकारांत चित्रांचेच असतात. फरक पडतो तो एक्का ते दहा, चार रंगांच्या 40 पत्त्यांत. रायडर-वेट या चित्रांच्या डेकमध्ये तिथे बहुतेक माणसांचे प्रसंग आहेत, मार्सेय या पिप डेकमध्ये फक्त पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी.

अर्थ आपोआप कळतो, इथेच नवखा फसतो. समजा, सामाईक विहिरीच्या ओलिताच्या पाळीवरून दोन भावांत कुरबूर आहे आणि पत्ता निघाला सात तलवारींचा. रायडर-वेटमध्ये एक माणूस पाच तलवारी कवटाळून, मागे पाहत चोरपावलांनी निघालाय; दोन तलवारी मागे रोवलेल्या. नवखा लगेच म्हणतो, "भाऊ पाणी चोरतो." घरात भांडण लावायला एवढं पुरेसं आहे. हा प्रसंग 1909 साली पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला. तो त्या पत्त्याचा एक अर्थ झाला, सगळा अर्थ नव्हे.

तोच पत्ता पिपनं वाचा. तलवार म्हणजे बोलणं, वाद, निर्णय. एका प्रचलित पद्धतीत सहा म्हणजे जुळलेला तोल आणि सात म्हणजे तो पुन्हा हलणं. म्हणजे ठरलेली गोष्ट बोलण्यातून विस्कटतेय. मग विचारायचा प्रश्न निघतो: पाळीचे वार आणि तास कुठं लिहून ठेवलेत का? चोरीचा आळ कुणावरच येत नाही.

पाठांतराचंही तसंच. पिपमध्ये चार रंग आणि दहा आकडे, अशा 14 गोष्टी जोडून 40 अर्थ बसवता येतात. चित्रांत 40 वेगळे प्रसंग ध्यानात ठेवावे लागतात.

वाचायला काही नसतं, हे तर पत्ता नीट न बघता केलेलं विधान आहे. मार्सेयमध्ये तलवारी वाकून अंडाकृती घेर करतात, काठ्या सरळ एकमेकींना छेदतात. सुरुवातीला हे दोन रंग हमखास गोंधळात टाकतात. घेराच्या मधोमध पाहा: तीन, पाच, सात, नऊ या पत्त्यांत सरळ उभी तलवार असते, तर दोन, चार, सहा, आठमध्ये फूल. नाण्यांचे बरेच पत्ते मात्र उलटे की सुलटे ते चटकन कळत नाही, म्हणून पत्ता उलटा आला तर त्याचा वेगळा अर्थ, हे पिपवर सुरुवातीला धरूच नये.

चित्रांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे. पुस्तकावरून एकट्यानं शिकणार असाल तर रायडर-वेटच घ्या, कारण बहुतेक पुस्तकं त्याच चित्रांवर बोलतात. पुस्तकात "नावेतली माणसं" आणि हातातल्या पत्त्यावर नुसत्या सहा तलवारी, असं झालं की शिकणं तिथंच अडतं. शिवाय न्याय आणि शक्ती यांचे 8 व 11 हे क्रमांक दोन्ही डेकांत उलटसुलट आहेत.

पैसे घालण्याआधी किराणा दुकानातला पत्त्यांचा कॅट घ्या आणि गुलाम, राणी, राजा, जोकर काढून टाका. उरले 40. बदाम म्हणजे पेले, इस्पिक तलवारी, किलवर काठ्या, चौकट नाणी धरून रोज तीन पत्ते वाचा. रंग आणि आकडा जोडून वाक्य जुळत असेल तर मार्सेय जमेल. पत्ता पाहून मन कोरंच राहत असेल तर चित्रांचा डेक मागवा. मागवताना फक्त मोठ्या पत्त्यांच्या फोटोवर जाऊ नका. पाच नाण्यांच्या पत्त्याचा फोटो मागा. त्यावर माणसं दिसली तर डेक चित्रांचा, नुसती नाणी असली तर पिपचा.