जाहिरात चालू, शटर बंद

«गुगलवर पैसे देऊन जाहिरात चालू असेल तर मॅपवरच्या नोंदीत वेळ घालवू नका. जाहिरातीवर क्लिक करणारा थेट वेबसाइटवर येतो. फोटो, दुकानाच्या वेळा, रिव्ह्यूंना उत्तरं ही ज्यांच्याकडे बजेट नाही त्यांची कामं.»

शहरातल्या दातांच्या दवाखान्याचं उदाहरण घेऊ. तिथे हा सल्ला सगळ्यात महागात पडतो.

क्लिक करणारा प्रत्येक जण वेबसाइटवर येतो, हे मुळातच खरं नाही. गुगल ॲड्सच्या खात्याला मॅपवरची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, जोडलं की सर्च जाहिरातीखाली पत्ता, अंतर किंवा नकाशा दिसू शकतो. मॅपवर शोधणाऱ्यांनाही जाहिरात दिसावी असं वाटत असेल, तर ही जोडणी लागतेच. मग ‘दातांचा दवाखाना जवळ’ असं शोधणारा माणूस वेबसाइट न उघडता रस्ता विचारतो किंवा फोन लावतो. जाहिरातीतल्या पत्त्यावरच्या किंवा रस्ता दाखवणाऱ्या बटणावरच्या क्लिकचेही पैसे लागतात, मथळ्यावरच्या क्लिकचे लागतात तसेच. शिवाय जाहिरात वर की खाली हे ठरवताना गुगल बोलीबरोबर अशा जोडलेल्या माहितीचा अपेक्षित परिणामही धरतं. तुमच्या खात्यात असे क्लिक किती आहेत ते पाहायचं असेल तर मोहिमेच्या अहवालात Click type नुसार विभागणी करा.

आता वेळांकडे येऊ, कारण खरं नुकसान इथेच होतं. आपल्याकडे कित्येक दवाखाने सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९ चालतात. प्रोफाइलवर मात्र घाईत ‘१० ते ९’ भरलेलं असतं. दुपारी तीन वाजता दाढ ठणकणारा माणूस जाहिरात पाहतो, ‘उघडे आहे’ असं वाचतो, रिक्षा करून येतो आणि बंद शटरसमोर उभा राहतो. समजा एका क्लिकला ४० रुपये पडतात आणि दुपारच्या चार तासांत रोज असे सहा क्लिक येतात. रोजचे २४० रुपये गेले. महिन्याचे २६ दिवस दवाखाना चालू धरला तर ६,२४०. हे आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. तुमच्या अहवालातले घालून पाहा.

दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते आणि बहुतेक जण एकच करतात. प्रोफाइलमध्ये एकाच दिवसाला वेळेच्या दोन जोड्या भरता येतात, त्या भरा. पण त्यामुळे जाहिरात दुपारी आपोआप थांबत नाही. तिचं वेळापत्रक गुगल ॲड्समध्ये वेगळं असतं. दुपारी फोन घ्यायला कोणी असेल तर जाहिरात चालू ठेवायला हरकत नाही. नसेल तर ते तास वगळा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या ‘विशेष वेळा’मध्ये आधीच टाका. आणि आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून पाहा. वापरकर्ते बदल सुचवू शकतात, त्यामुळे तुम्ही हात न लावताही वेळ बदललेली सापडू शकते.

फोटोंबद्दल थोडक्यात सांगते. रस्त्यावरून दिसणारी पाटी, जिना किंवा लिफ्ट आणि आतली खुर्ची हे तीन आधी हवेत. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर असेल तर पहिले दोन नसल्यावर माणूस खालीच घुटमळतो. इंटरनेटवरून उचललेली हसरी तोंडं काढून टाका.

रिव्ह्यूचं उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढच्या वाचणाऱ्यासाठी असतं. जाहिरातीवरून प्रोफाइलवर पोचलेला माणूस एक तारा दिलेला रिव्ह्यू हमखास उघडतो. «दोनदा आलो, दोन्ही वेळा बंद» याखाली काहीच नसेल तर तो मागे फिरतो. तिथे एवढं पुरतं: «तुमच्या दोन फेऱ्या वाया गेल्या, माफ करा. आमची वेळ चुकीची दिसत होती, ती आज दुरुस्त केली: १० ते १ आणि ५ ते ९.» उपचाराबद्दलची तक्रार असेल तर रुग्णाला काय झालं होतं, कोणतं काम केलं, यातलं काहीही उत्तरात लिहू नका, तो रुग्ण आहे हेसुद्धा जाहीर करू नका. फोनवर बोलायला बोलवा. सूट देऊन पाच तारे मागणं गुगलच्या नियमांत बसत नाही आणि असे रिव्ह्यू काढले जाऊ शकतात.

सुरुवातीच्या सल्ल्यात एवढंच खरं आहे की ग्राहकाला प्रत्यक्ष न भेटता फक्त ऑनलाइन विकणाऱ्याला असं प्रोफाइल मिळतच नाही, त्याला वेबसाइटच पाहावी लागते. आणि उलटा गैरसमजही नको: जाहिरातीवर कितीही खर्च केला तरी मॅपवरचं फुकटचं स्थान वर सरकत नाही. ते शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची ओळख यांवर ठरतं. म्हणून दोन्हींचे आकडे वेगळे ठेवा. प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या दुव्यामागे हे जोडा:

```
?utm_source=google&utm_medium=organic&utm_campaign=gbp
```

मग वेबसाइटवर आलेला माणूस प्रोफाइलच्या दुव्यावरून आला की जाहिरातीच्या क्लिकवरून, हे ॲनालिटिक्समध्ये वेगळं दिसतं.