डोक्यातली यादी आणि फ्रीजमधली ग्रेव्ही

“पुस्तकी पंडितांसाठी लेख छान आहे. अनुभवी कुकला कागदावरची यादी लागत नाही, त्याच्या डोक्यात सगळं असतं. तीन वाजता कोथिंबीर चिरून ठेवायला सांगता, सातला ती काळी पडते हे माहीत नाही का? स्टेशनची मांडणी ही ज्याची त्याची सवय. आणि छोट्या हॉटेलांत एवढं सगळं करायला माणसं आहेत कुठे?”

सर्व्हिसआधीच्या तयारीची यादी आणि स्टेशनची, म्हणजे कुकच्या कामाच्या जागेची, मांडणी यांवरच्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून ही प्रतिक्रिया लिहिलीत याबद्दल आभार मानतो. मात्र ‘पुस्तकी पंडित’ या शब्दांनी सुरुवात करण्याची गरज नव्हती. मी 2003 साली मुंबईतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये शिकाऊ कुक म्हणून लागलो. पहिले आठ महिने फक्त कांदे सोलले, पुढची चौदा वर्षे करी सेक्शनच्या शेगडीपुढे उभा राहिलो. माझे म्हणणे आपल्याला पटले नाही तर ते जरूर खोडून काढा, पण मी लाइन पाहिलेलीच नाही असे गृहीत धरून बोलू नका.

कोथिंबिरीबाबत आपले बरोबर आहे. ओली कोथिंबीर चिरून ठेवली की तिला पाणी सुटते आणि ती काळवंडते. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावी, धारदार सुरीने एकदाच चिरावी आणि निम्मीच साडेसहाला चिरून उरलेली काड्यांसकट फ्रीजमध्ये ठेवावी, असे मी लिहायला हवे होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता डोक्यातल्या यादीविषयी. अनुभवी कुकच्या डोक्यात काय काय करायचे ते असते, हे मलाही मान्य आहे. मखनी ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, कांदा-टोमॅटोचा मसाला, आल्याचे ज्युलियन, लोण्याचे तुकडे, भिजवलेली कसूरी मेथी, ही नावे कोणालाही झोपेतही सांगता येतात. पण यादीतला महत्त्वाचा रकाना नावांचा नसून ‘हातात किती’ हा आहे, आणि तो आकडा डोक्यात राहत नाही, कारण दुपारच्या सर्व्हिसमध्ये तो बदललेला असतो आणि बदलणारा माणूस बहुधा दुसराच असतो.

एका शुक्रवारचे उदाहरण घेतो. मखनी ग्रेव्ही लागणारे पदार्थ मागच्या चार शुक्रवारी 38, 41, 46 आणि 39 प्लेट गेले. सरासरी 41 येते. पण सरासरीवर पार, म्हणजे सर्व्हिससाठी हाताशी हवा तो साठा, धरला की ज्या शुक्रवारी 46 प्लेट जातात त्या रात्री ग्रेव्ही संपते, म्हणून मी सर्वांत मोठा आकडा धरतो. प्लेटला 150 ग्रॅम, म्हणजे 6.9 किलो, पार 7 किलो. दुपारी अडीचला फ्रीजमधले पॅन काढून काट्यावर ठेवले, रिकाम्या पॅनचे वजन वजा केले, 2.3 किलो निघाली. चव घेतली, वास घेतला, लेबलवर कालची तारीख पाहिली. करायची राहिली 4.7 किलो. आमचा एक घाणा 5 किलोचा, म्हणून एकच घाणा लावायचा. या सगळ्याला चार मिनिटे लागतात. अंदाजपंचे चालणारा कुक अशा वेळी एक तर दोन घाणे लावतो किंवा ‘बरीच आहे’ म्हणून एकही लावत नाही.

डोळा इथे का फसतो, तेही सांगतो. तीच दोन किलो ग्रेव्ही पसरट पातेल्यात तळाशी दिसते आणि अरुंद डब्यात निम्म्याच्या वर दिसते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. 2011 साली एका शनिवारी आमचा करीवाला मुलगा आजारी म्हणून अचानक सुट्टीवर गेला. अतिशय हुशार कुक, यादी कधी लिहिली नाही. फोनवर म्हणाला, “पांढरी ग्रेव्ही निम्मं पातेलं आहे, आरामात पुरेल.” त्याच्या मनातले पातेले मोठे होते; दुपारी कोणीतरी उरलेली ग्रेव्ही धाकट्या पातेल्यात काढली होती. ती रात्री आठ चाळीसला संपली. काजू भिजलेले नव्हते. कांदा आणि काजू उकळून ते गरमच मिक्सरमध्ये घातले, वाफेने झाकण उडाले आणि माझ्या डाव्या हाताचा मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग भाजला. मलाई कोफ्ता बंद केल्याचे वेटरना सांगेपर्यंत त्याच्या सात ऑर्डरी लागल्या होत्या. त्या डागाकडे पाहत आपली प्रतिक्रिया वाचली, म्हणून उत्तर कदाचित थोडे तिखट झाले असेल.

यादी लिहिण्याचे दुसरे कारण क्रम. जे सर्वांत जास्त वेळ घेते ते आधी आगीवर चढते. अडीचला मोजणी झाली की पावणेतीनला टोमॅटो आणि काजू चढवायचे. ते शिजेपर्यंत आले-लसूण सोलून होते. चारला ग्रेव्ही वाटून गाळायची. आजच्या सर्व्हिसची ग्रेव्ही परत गरम करून बॅन-मारीत, म्हणजे गरम पाण्यात बसवलेल्या भांड्यात, 60 अंशांच्या वर ठेवायची. राखीव ग्रेव्ही उथळ ट्रेमध्ये पसरून बर्फावर लवकर गार करायची. खोल पातेल्यात ती मधोमध तासन् तास कोमट राहते आणि सकाळी झाकण उघडल्यावर आंबूस वास येतो. डोक्यात यादी ठेवणाऱ्यांना मी बहुतेक वेळा आधी कांदा चिरताना पाहिले आहे, कारण कांदा समोर असतो. मग ग्रेव्ही साडेसहाला शेगडीवर आणि पहिली ऑर्डर सातला. अशी घाईत उतरवलेली मखनी कच्ची लागते, टोमॅटोचा आंबटपणा जात नाही, आणि तो लपवायला वर साखर पडते.

स्टेशनच्या मांडणीवर फार लिहीत नाही, कारण आपणही एकाच वाक्यात तो विषय झटकला आहे. सवय आपापली असते, हे खरे. पण ती रोज तीच असली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे होते. मखनीला मीठही लागते आणि साखरही. दोन्ही पांढरी, दोन्ही एकसारख्या चौकोनी भांड्यांत शेजारी ठेवली की साडेआठला, केओटीच्या, म्हणजे ऑर्डरींच्या, चिठ्ठ्या लागलेल्या असताना, हात न पाहता जातो आणि चूक होते. म्हणून माझ्याकडे मीठ उजवीकडे चौकोनी भांड्यात आणि साखर डावीकडे गोल भांड्यात. कढई धरायची फडकी घडी घालून कोरडीच ठेवावीत. ओल्या फडक्यातून उष्णता लगेच आरपार येते आणि हातातली कढई सुटते. खालच्या फ्रीजमध्ये राखीव पॅन वरच्याच क्रमाने लावावीत. पॅन संपत आले की नवे ठेवावे, जुन्यावर नवे ओतू नये.

छोट्या हॉटेलांतल्या माणसांच्या तुटवड्याचा मुद्दा या लेखाचा नव्हता, म्हणून त्यात शिरत नाही. एवढे मात्र सांगतो की मोजणीच्या त्या मिनिटांना जास्तीचा माणूस लागत नाही. लागतो तो एक काटा, एक पेन आणि चिकटपट्टीवर तारीख लिहिण्याची सवय.

मी खरी लाइन पाहिली आहे का, याचे उत्तर वर दिले आहे. आपण म्हणाल त्या शुक्रवारी दुपारी अडीचला आपल्या किचनमध्ये यायला मी तयार आहे. फ्रीज उघडण्यापूर्वी आपण मला पांढऱ्या ग्रेव्हीचे वजन तोंडी सांगावे, मग आपण दोघे मिळून पॅन काट्यावर ठेवू.