काका, बॅटरी स्लॉटवर मारा

रविवारी दुपारी मी डेस्कटॉपला नवीन ८ जीबीची रॅम लावली आणि मशीनने तिला ओळखच दाखवली नाही. आधीची ८ होती, म्हणजे १६ दिसायला हवे. टास्क मॅनेजरमध्ये ८, खाली Slots used: 1 of 4. बायोसमध्ये जाऊन बघितलं, तिथेही 8192 MB. म्हणजे विंडोजचा काही संबंध नाही, खालीच कुठेतरी गडबड.

त्यात ही दुसरी खेप होती. शनिवारी दुकानदाराने "मशीन जुनं आहे ना, मग डीडीआर ३ च असणार" असं माझ्या कपाळाकडे बघून सांगितलं होतं आणि मी येडा, विश्वास ठेवला. घरी येऊन बघतो तर पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा एका जागी येईनात, मशीनला रॅमची पुढची पिढी, डीडीआर ४ हवी होती. ते मुद्दामच तसं करतात, कारण डीडीआर ३ ला दीड व्होल्ट लागतात आणि ४ ला १.२, चुकून कोणी घुसवू नये म्हणून. परत गेलो तर बदलून दिली, पण "पाकीट फोडलंय" म्हणून दोनशे कापले. चूक त्याची, दोनशे माझे. असो. (असो नाहीये, पण असो.)

तर रविवारी मी कॅबिनेट आडवं टाकून बसलेलो आणि दार उघडं, त्यामुळे समोरच्या ब्लॉकमधले काका आत आले. काका सरकारी खात्यातून रिटायर झालेत आणि दुरुस्ती चालू असलेली कुठलीही वस्तू त्यांना भिंतीपलीकडून कळते.

"खोडरबर लाव," काका उभ्याउभ्याच म्हणाले.

"काका, नवीन आहे ती."

"नवीन असली म्हणून काय झालं? आमच्या ऑफिसात मशीन अडलं की खोडरबर. सोनेरी दात घासायचे, झालं."

काकू शेजारीच होत्या, पाच मिनिटांत नातवाच्या कंपासमधला खोडरबर आला, आंब्याच्या आकाराचा, वासाचा पण. मी घासला. काय करणार, समोर मोठं माणूस. मग मोबाईलची बॅटरी धरायचं काम काकांनी आपणहून घेतलं आणि पुढची वीस मिनिटं माझ्या कॅबिनेटमधला पंखा, माझं कोपर आणि त्यांची स्वतःची हनुवटी अतिशय व्यवस्थित उजळून काढली. "काका, बॅटरी स्लॉटवर मारा." "मारतोय की." पंखा लख्ख.

शेवटी शंका खरी-खोटी करायला जुनी पट्टी काढली आणि तिच्या जागी एकटी नवीन बसवली. मशीन चालू, ८ जीबी. म्हणजे पट्टी धडधाकट, दोष बसवण्यात. मग प्लग काढून, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला करंट घालवून, मीच बॅटरी हातात घेतली आणि डोळा स्लॉटच्या पातळीला आणला. माझ्या बोर्डाला खिटी एकाच टोकाला आहे, दुसऱ्या टोकाला नुसती खोबण. खिटीचं टोक "टक" वाजलं की मी खूश व्हायचो आणि दुसरं टोक तांदळाच्या दाण्याएवढं वर राहायचं. जुनी जागेवर, नवीन तिच्या शेजारी, आणि आता दोन्ही टोकं अंगठ्यांनी सरळ खाली दाबली. बोर्ड वाकतोय असं वाटण्याइतका जोर लागतो, हे कोणी सांगत नाही.

१६!

"बघ, खोडरबर," काका म्हणाले.

मी गप्प बसलो असतो, पण मला रॅमची कुंडली दाखवणारं सीपीयू-झेड उघडायची खाज. Channel समोर `1 x 64-bit`. म्हणजे दोन पट्ट्या असून दोघी एकाच नळाला. चार स्लॉट दिसतात पण नळ दोनच, प्रोसेसरकडून पहिले दोन स्लॉट एकाचे, पुढचे दोन दुसऱ्याचे. जोडी लावायची तर बोर्डाच्या पुस्तिकेप्रमाणे दुसऱ्यात आणि चौथ्यात. मी मात्र "शेजारी शेजारी लाव, सोबत राहते" या काकांच्या सल्ल्याने पहिल्यात आणि दुसऱ्यात लावलेल्या. परत उघडलं, नवीन पट्टी चौथ्यात टाकली, `2 x 64-bit`. ब्राउझर, एक्सेलमध्ये फरक म्हणाल तर शष्प नाही. पण माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तेही याच रॅमवर जगतं, त्यामुळे मुलाचा गेम जरा कमी अडखळायला लागला.

जुनी २६६६ ची, नवीन ३२०० ची, त्यामुळे दोघीही २६६६ नेच पळणार, जोडीत हळू चालणाऱ्याचं ऐकावं लागतं. तेही मला मंजूर होतं. पण काकांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनवरचं DRAM Frequency वाचलं, 1333.

"अर्धीच? फसवलं तुला दुकानदाराने!"

"काका, एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, १३३३ दुणे..."

"दुणे तू करायचं? मग त्याने पैसे पण अर्धे घ्यायचे होते."

सोमवारी ते माझ्या वतीने दुकानात भांडून आले. १३३३ वर वाद हरले, पण माझे दोनशे घेऊन आले. त्यातले चाळीस खोडरबरचे कापून घेतलेत.