चार्टचे पिक्चर केल्याने अक्षरांना जागा मिळत नाही

«एक्सेलचा चार्ट अहवालात लहान केला की अक्षरं एकमेकांवर चढतात. उपाय अगदी सोपा आहे. एक्सेलमध्ये चार्ट मोठा ठेवा, कॉपी करून वर्डमध्ये पिक्चर म्हणून पेस्ट करा आणि कोपरा धरून हवा तेवढा लहान करा. एकही लेबल हलणार नाही. कुणाला बारीक वाटलं तर झूम करून बघेल.»

हा सल्ला पाळल्यास लेबल हलत नाही, एवढे खरे आहे. पण अक्षरे का चढतात, हे आधी पाहिले तर या उपायाची मर्यादा लगेच कळते. एक्सेलच्या चार्टमध्ये अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये ठरलेला असतो आणि चार्टची चौकट ओढून लहान केली तरी तो बदलत नाही. चौकट निम्मी झाली, स्तंभ निम्मे झाले, पण नऊ पॉइंटचे अक्षर नऊ पॉइंटचेच राहिले, म्हणून गर्दी होते. पिक्चर केल्यावर मात्र चौकटीबरोबर अक्षरही आकसते. म्हणजे गर्दी टळते ती जागा मिळाल्यामुळे नव्हे, तर अक्षर लहान झाल्यामुळे.

किती लहान होते, हे एका उदाहरणावर मोजून पाहू. सातारा जिल्ह्यातील 11 तालुक्यांच्या पावसाचा साधा स्तंभालेख घ्या. एक्सेलच्या पडद्यावर तो ऐसपैस दिसावा म्हणून 30 सेंटीमीटर रुंद केला आहे. अक्षांवरची अक्षरे मुळात असतात तशी 9 पॉइंटची आणि शीर्षक 14 पॉइंटचे आहे. अहवालाचा कागद ए-फोर, दोन्ही बाजूंना 2.54 सेंटीमीटर समास, म्हणजे मजकुराची रुंदी उरते 15.92 सेंटीमीटर. पिक्चर त्यात बसवताना ते 53 टक्क्यांवर येते. अक्षांवरची अक्षरे 4.8 पॉइंटची होतात आणि शीर्षक 7.4 पॉइंटचे. 4.8 पॉइंट म्हणजे जेमतेम 1.7 मिलिमीटर, आणि एवढ्या उंचीत देवनागरीला शिरोरेषा, तिच्यावरची मात्रा आणि खालचा उकार असे तिन्ही मजले बसवायचे असतात. रोमन अक्षर या आकारात कसेबसे ओळखू येते, पण ‘महाबळेश्वर’मधला ‘श्व’ किंवा ‘जावळी’मधला ‘ळी’ छपाईत शाईचा ठिपका होतो. झेरॉक्सची दुसरी प्रत काढली की तोही प्रश्न मिटतो, कारण मग काहीच दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मूळ चार्टमध्येच अक्षरे मोठी ठेवा. अहवालात 9 पॉइंट हवे असतील तर 30 सेंटीमीटरच्या चार्टमध्ये 17 पॉइंट ठेवावे लागतील. करून पाहा, तिथेच, एक्सेलमध्येच, अक्षरांची तशीच गर्दी होईल. 16 सेंटीमीटरमध्ये 9 पॉइंटचे अक्षर जेवढा वाटा व्यापते, तेवढाच वाटा 30 सेंटीमीटरमध्ये 17 पॉइंटचे अक्षर व्यापते. अडचण प्रमाणाची आहे आणि पिक्चर करण्याने प्रमाण बदलत नाही.

झूमबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तालुक्याच्या कचेरीत किंवा महाविद्यालयाच्या प्रकल्प अहवालात शेवटी कागदच फिरतो. शिवाय पिक्चर बिटमॅप असेल आणि वर्डने फाइल साठवताना ते कॉम्प्रेस केले असेल, तर झूम केल्यावर अक्षरे मोठी न होता नुसती फुटतात. `Enhanced Metafile` म्हणून पेस्ट केल्यास कडा स्वच्छ राहतात हे खरे, पण स्वच्छ असले तरी 4.8 पॉइंट ते 4.8 पॉइंटच.

एका ठिकाणी मात्र हा सल्ला योग्य आहे, आणि ते कारण सहसा कोणी सांगत नाही. चार्ट `Embed Workbook` पद्धतीने पेस्ट केला की त्याच्यामागची संपूर्ण वर्कबुक वर्डच्या फाइलमध्ये जाते. शेजारच्या शीटवर शेतकऱ्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक असतील तर तेही जातात. अशा वेळी पिक्चरच द्यावे, फक्त ते ओढून लहान करू नये.

मग करायचे काय? क्रम उलटा करायचा. आधी कागदावरची रुंदी ठरवायची, मग त्या रुंदीत चार्ट मांडायचा. एक्सेलमध्ये चार्ट निवडून `Format` टॅबच्या `Size` गटात रुंदी 15.9 आणि उंची 9 सेंटीमीटर टंकावी. आता पडद्यावर दिसते तेच कागदावर येणार आहे आणि खरी अडचण इथे उघडी पडते. अक्षाची उभी पट्टी सोडून आडवी जागा साधारण साडेचौदा सेंटीमीटर उरते, तिला 11 ने भागले की प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला 1.3 सेंटीमीटर येतात. ‘वाई’, ‘माण’, ‘कराड’ त्यात सहज मावतात, पण ‘महाबळेश्वर’ मावत नाही. एका नावापायी एक्सेल सगळीच नावे तिरकी करते, तरीही न बसल्यास उभी करते. तिरक्या नावांनी उंची खाल्ली की स्तंभ बुटके होतात आणि माणचा स्तंभ महाबळेश्वरशेजारी जवळजवळ दिसेनासा होतो.

याहून वाईट गोष्ट नावे आडवीच राहावीत म्हणून कोन शून्यावर बांधून ठेवल्यास घडते. तेव्हा जागा अपुरी पडली की एक्सेल काही न सांगता एक नाव सोडून एक छापते. 11 पैकी 6 नावे दिसतात, 5 तालुके बिननावाचे राहतात, आणि चार्ट मात्र नीटनेटका वाटतो. एकमेकांवर चढलेली अक्षरे निदान डोळ्यांना खुपतात. ही चूक तपासणीतूनही निसटते. ‘हलणार नाही’ म्हणून ज्या लेबलांचे कौतुक केले जाते, त्यांत अशी गाळलेली नावेही गोठून जातात. म्हणून `Format Axis` मध्ये `Labels` खाली `Specify interval unit` निवडून 1 टाकावा आणि नावे मोजावीत.

या चार्टवरचा टिकाऊ इलाज म्हणजे उभ्या स्तंभांऐवजी आडवे पट्टे. `Change Chart Type` मधून `Clustered Bar` निवडला की नावे डावीकडे, एकाखाली एक येतात. शीर्षक काढून टाकावे, कारण अहवालात आकृतीखाली ओळ असतेच. एकच मालिका असल्याने सूचीही नको. मग उभी जागा सुमारे आठ सेंटीमीटर मिळते, म्हणजे प्रत्येक तालुक्याला सात मिलिमीटर. 9 पॉइंटचे अक्षर 3.2 मिलिमीटरचे असते, त्यामुळे मंगलसारख्या उंच ओळीच्या फॉन्टलाही वाव राहतो. आडव्या पट्ट्यांत यादी तळापासून वर लागते, ती सरळ करायला तालुक्यांच्या अक्षावर `Categories in reverse order` वर खूण करावी. त्याने आकड्यांचा अक्ष वर उडी मारतो. तिथेच `At maximum category` निवडले की तो खाली परततो.

वर्डमध्ये पेस्ट करताना `Keep Source Formatting` घ्यावे. `Use Destination Theme` घेतल्यास वर्डच्या थीमचा फॉन्ट चार्टला लागू शकतो, नावांची रुंदी बदलते आणि मापून बसवलेले पुन्हा विस्कटते. पिक्चर म्हणून दिले असेल तर त्यावर क्लिक करून `Size` च्या चौकटीतील `Scale` पाहावा. तिथे 100 टक्के असेल तर अक्षरे ठरवली तेवढीच आहेत. 53 असेल तर 9 ला 0.53 ने गुणून काय उरते ते पाहावे आणि मूळ चार्ट एक्सेलमध्ये मापात आणून पुन्हा पेस्ट करावा.